पावसाळ्यानंतर धावायला लागलो आणि नडगी दुखतेय

प्रश्न: चार महिने बंद होतं, आता गुहागरच्या किनाऱ्यावर परत धावतोय. नडगी दुखते. थांबू का?

उत्तर: नडगीच्या आतल्या कडेवरून बोट दाबत खाली या. वीतभर पट्टा दुखत असेल आणि अंग गरम झाल्यावर कमी होत असेल, तर धावणं निम्म्यावर आणा. पण नाण्याएवढ्या एकाच जागी कळ येत असेल, धावताना वाढत असेल किंवा रात्री ठणकत असेल, तर धावणं बंद करून हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. हाडातली बारीक चीर सुरुवातीच्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही. दोन्ही पोटऱ्या सारख्या भरून येऊन दोन-तीन दिवसांत मोकळ्या झाल्या, तर ते नेहमीचंच.

दम लवकर परत येतो, हाडं मागे राहतात. गफलत तिथेच होते. पट्टा शांत झाला की एक दिवसाआड १ मिनिट धावा, २ मिनिटं चाला, असं ८ वेळा. आठवडाभर सकाळी उठल्यावर नडगी दुखली नाही, तरच २ मिनिटं धावा. आणि भरतीच्या वेळी तिरक्या वाळूवर नकोच, एकाच पायावर जास्त भार येतो. ओहोटीला सपाट, ओली वाळू मिळते.