मुलाचेच यकृत दिले, तरी गोळ्या जन्मभर का?

प्रश्न: वडिलांना लिव्हर सिरोसिस आहे, पोटात सारखे पाणी होते. डॉक्टर लिव्हर बदलायला सांगतात, ते कशावरून ठरवतात? आणि मी माझेच लिव्हर दिले तरी त्यांना जन्मभर गोळ्या का?

उत्तर: मी लातूरला यकृतविकारांचे रुग्ण पाहतो. नुसता सिरोसिस आहे म्हणून प्रत्यारोपण करत नाहीत. पोटात वारंवार पाणी साठणे, रक्ताची उलटी होणे, भ्रम होणे अशी लक्षणे दिसू लागली की त्याचा विचार सुरू होतो. त्यानंतर कावीळ दाखवणारे बिलिरुबिन, रक्त गोठण्याची क्षमता दाखवणारा आयएनआर आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन या तीन तपासण्यांवरून आजाराची तीव्रता सांगणारा ‘मेल्ड’ गुणांक काढतात. परभणीकडच्या एका शेतकऱ्याचे हे आकडे 4, 1.8 आणि 1.2 होते, म्हणजे गुणांक 20 आला. साधारण 15 च्या खाली शस्त्रक्रियेचाच धोका आजाराहून जास्त ठरू शकतो. त्यांच्या बाबतीत थांबणे अधिक धोक्याचे होते. हृदय आणि फुप्फुसे शस्त्रक्रिया सोसतील का, कुठे जंतुसंसर्ग किंवा कर्करोग दडला आहे का, दारू खरोखर सुटली आहे का, हेही पाहिले गेले.

या शेतकऱ्याचा दाता त्यांचा मुलगाच होता आणि रक्तगट जुळत होता. वडिलांचे वजन 60 किलो असल्याने त्याच्या किमान 0.8 टक्के, म्हणजे 480 ग्रॅम यकृत हवे होते. सीटी स्कॅननुसार मुलाचा उजवा भाग 740 ग्रॅमचा होता आणि तो काढल्यावरही त्याच्याकडे 38 टक्के यकृत उरत होते. हा उरलेला भाग 30 टक्क्यांच्या खाली जाणार असेल, तर मुलाची कितीही तयारी असली तरी त्याला नकार द्यावा लागतो, आणि तो दिलाच पाहिजे असे माझे ठाम मत आहे.

आता गोळ्यांविषयी. मुलाच्या पेशींवरील ओळखखुणांपैकी निम्म्या वडिलांकडून आलेल्या असतात, उरलेल्या निम्म्या आईकडून, आणि त्या वडिलांच्या प्रतिकारशक्तीला परक्याच वाटतात. शरीरात लढाऊ पांढऱ्या पेशी आयुष्यभर नव्याने तयार होत राहतात, त्यामुळे काही वर्षांत शरीराला नव्या यकृताची कायमची सवय होईल, असे धरून चालता येत नाही. मूत्रपिंडाच्या मानाने यकृताला शरीर लवकर सामावून घेते, म्हणून प्रतिकारशक्तीला आवरून धरणाऱ्या टॅक्रोलिमस या गोळीची मात्रा पुढे बरीच कमी करता येते. मोजक्या रुग्णांची औषधे पूर्ण बंदही झाली आहेत, पण असा रुग्ण आधीच ओळखणारी खात्रीची तपासणी नाही.

वर उल्लेखलेल्या शेतकऱ्यांनी बरे वाटू लागल्यावर स्वतःच मात्रा निम्मी केली. ताप नव्हता, कावीळ नव्हती, भूक चांगली होती; फक्त नेहमीच्या रक्ततपासणीत यकृताला इजा झाली की वाढणारे एसजीपीटी 200 च्या पुढे गेलेले आढळले. बायोप्सीत शरीर यकृत नाकारत असल्याचे दिसले आणि स्टेरॉइडची इंजेक्शने देऊन ते सावरता आले. हाच हल्ला दीर्घकाळ चालू राहिला, तर यकृतातील पित्तनलिका नष्ट होत जातात आणि मग औषधांचा फारसा उपयोग होत नाही.

या औषधांनी मूत्रपिंडावर ताण येतो, मधुमेह होऊ शकतो, हात थरथरतात; म्हणून सकाळची गोळी घेण्यापूर्वी रक्त देऊन औषधाची पातळी तपासतात. क्षयरोगावरील रिफाम्पिसिनने ही पातळी खाली जाते, तर बुरशीवरील फ्लुकोनाझोलने वाढते. त्यामुळे गावातल्या डॉक्टरांकडे साध्या तापासाठी गेलात तरी वडिलांच्या गोळ्यांची चिठ्ठी आधी त्यांना दाखवा.