जमिनीखालची छोटी टाकी: माप आणि मालाचा हिशेब

"घरात सहा माणसं आहेत. जमिनीखाली पाण्याची छोटी टाकी बांधायची आहे. माप किती घ्यावं, आणि विटा, काँक्रीट, सळई किती लागेल?"

माणशी रोज १३५ लिटर धरले तर दिवसाला ८१० लिटर. पाच दिवसांचा साठा म्हणजे साधारण ४,०५० लिटर. आतून २ मीटर लांब, १.५ मीटर रुंद आणि १.३५ मीटर पाणी, की हिशेब बरोबर जमतो. वर १५ सेंमी मोकळे सोडा, म्हणजे भिंतीची उंची १.५ मीटर. माप नेहमी आतलं, प्लास्टर झाल्यावरचं. खड्डा त्याहून बराच मोठा लागतो.

भिंत २३ सेंमीची घ्या. विटांचा हिशेब इथेच चुकतो: आतल्या परिघाने कमी येतात, बाहेरच्याने जास्त. भिंतीच्या मध्यरेषेची लांबी धरा: २ × (२.२३ + १.७३) = ७.९२ मीटर. गुणिले ०.२३ गुणिले १.५ म्हणजे २.७३ घनमीटर. २३ × ११ × ७.५ सेंमीची वीट मसाल्यासह घनमीटरला सुमारे ४०८ लागते. तुटफूट धरून ११७५ विटा मागवा.

तळाचा स्लॅब १५ सेंमी जाड आणि भिंतीबाहेर चारही बाजूंनी १० सेंमी पुढे काढा. तो ०.८६ घनमीटर होतो. वरचा १२.५ सेंमीचा स्लॅब, ६० सेंमी चौरस झाकणाची जागा वजा करून, ०.५६. एकूण १.४२ घनमीटर, १:१:२ प्रमाणात. त्याला १६ गोण्या सिमेंट, ०.५५ घनमीटर वाळू, १.१ घनमीटर खडी. बांधकाम, दोन्ही बाजूंचं प्लास्टर आणि तळाखालचं साधं काँक्रीट धरून सिमेंट एकूण ३० गोण्यांच्या आसपास जातं.

सळई सगळी ८ मिमी, १५ सेंमी अंतराने, दोन्ही दिशांनी. तळात दोन जाळ्या, वरच्या स्लॅबमध्ये एक. मिळून २१६ मीटर भरते. झाकणाभोवतीच्या जादा सळया आणि तुकड्यांची नासाडी धरून १२ मीटरच्या २० सळया, म्हणजे ९५ किलो. तळाची वरची जाळी चेअरवर, म्हणजे सळई वाकवून केलेल्या आधारांवरच उभी करा. काँक्रीट ओतताना तिच्यावर पाय पडले की ती खाली बसते आणि नेमकी जिथे हवी तिथे राहत नाही.

तळाची ती वरची जाळी का, तर पावसाळ्यात भोवतालचं पाणी वर येतं आणि रिकामी टाकी वर ढकलली जाते. या टाकीचं वजन प्लास्टर सोडून साधारण ८.७ टन. पाणी भिंतीच्या माथ्यापर्यंत चढलं तर वर ढकलणारा जोर ८.१ टन, म्हणजे फरक अगदी थोडा. जमिनीत पाणी इतकं वर येत असेल तर तळ २० सेंमी करा आणि पावसाळ्यात टाकी साफसफाईसाठी रिकामी करू नका.

गळती बहुधा तळ आणि भिंतीच्या सांध्यातून होते. तिथे प्लास्टरचा काटकोन न ठेवता गोलसर कोपरा काढा. वर गाडी उभी राहणार असेल, किंवा खोली दोन मीटरकडे जात असेल, तर हे आकडे वापरू नका. विटांऐवजी आरसीसी भिंती आणि रीतसर डिझाइन घ्या.