पिठल्यातल्या गुठळ्या आणि बेसनाचा कच्चा वास

प्रश्न : «माझ्या पिठल्यात दरवेळी गुठळ्या होतात. त्या मोडल्या तरी खाताना कच्चं बेसन लागतं. पीठ चाळून, भाजून घे म्हणतात, पण आधी काय, किती वेळ आणि कशासाठी?»

ताई, पुढच्या वेळी गुठळी झाली की ती टाकून देऊ नका, चमच्याने मधोमध कापून बघा. वरून ओली आणि चिकट दिसेल, आत मात्र कोरडं, पिवळं पीठ जसंच्या तसं असेल. पीठ गरम पाण्यात पडलं की त्याचा बाहेरचा थर लगेच फुगून खळीसारखा चिकट होतो. मग पाणी आत शिरत नाही, आणि पाणीच नाही म्हटल्यावर आतलं पीठ शिजत नाही. गुठळी आणि कच्ची चव या तुमच्या दोन्ही तक्रारी बऱ्याच अंशी इथेच एकत्र येतात.

चाळण्यापासून सुरुवात करा. बेसन फार बारीक असतं, डब्यात दाबून भरलं किंवा जराशी ओल लागली की त्याचे खडे होतात. पाण्यात पडण्याआधीच असलेल्या या गुठळ्या कितीही घोटलं तरी पूर्ण मोडत नाहीत. मैद्याच्या बारीक चाळणीने चाळा. उरलेले खडे बोटाने दाबून सहज फुटले तर ते पीठच आहे. खड्यांना तंतू किंवा जाळी दिसली तर कीड लागली आहे, ते पीठ वापरू नका. चिमूटभर जिभेवर ठेवून खवट लागलं तरी तेच करा. खवटपणा भाजून जात नाही, लोक इथे हमखास फसतात.

आता भाजणं. एक वाटी चाळलेलं बेसन जाड बुडाच्या कढईत कोरडंच घ्या आणि मंद आच ठेवा. पीठ तळाला धरतं, म्हणून उलथनं सतत फिरतं हवं. सुरुवातीला हरभऱ्याचा उग्र, हिरवट वास येतो. पाच-सात मिनिटांत तो जाऊन खमंग वास सुटतो, पीठ हाताला हलकं लागतं आणि रंग जेमतेम एक छटा बदलतो. तिथेच थांबा. लाडवासारखं तांबूस भाजलंत तर पिठलं लाडवाच्या वासाचं होतं. गॅस बंद केल्यावरही कढईची धग काम करतच राहते, त्यामुळे पीठ लगेच ताटात काढा. भाजताना पुन्हा बारीक गोळ्या होतात, म्हणून गार झाल्यावर दुसऱ्यांदा चाळा. माझ्या मते ही दुसरी चाळणच जास्त कामाची, आणि नेमकी तीच बहुतेक जण गाळतात.

भाजल्याने दोन गोष्टी होतात. उग्र वास पाण्यात पडण्याआधीच गेलेला असतो, आणि पिठाचा चिकटपणा कमी झाल्याने बाहेरचा थर पटकन बसत नाही. पण भाजलेलं पीठ पाण्याला कमी आळवतं. एकाच डब्यातलं पीठ मी दोन कढयांत करून बघितलं होतं. कच्च्या पिठाला वाटीस साडेतीन वाट्या पाणी लागलं, भाजलेल्याला तीन वाट्यांतच तेवढा दाटपणा आला. तेव्हा नेहमीचं माप थोडं कमी करा.

कालवताना पाणी साधं, गार घ्या. आधी अर्धी वाटीच घालून पेस्टसारखं घट्ट कालवा आणि चमच्याच्या पाठीने घोटा. गुठळी घट्ट पिठातच मोडते, पातळ पाण्यात ती नुसती तरंगते. ते गुळगुळीत झाल्यावरच आणखी एक वाटी पाणी घालून सैल करा. तिकडे मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्ता, कांदा, लसूण-मिरची, हळद यांच्या फोडणीत उरलेलं दीड वाटी पाणी आणि मीठ घालून उकळी आणा. आच मंद करा आणि एका हाताने बारीक धार सोडत दुसऱ्या हाताने हलवत राहा. आमच्या आजी उकळत्या आधणात कोरडं पीठ वैरत असत आणि रवीने हाटत असत. ते जमायला हात बसावा लागतो, नव्याने करणाऱ्याला कालवलेलं पीठच सोपं.

दाट झालं म्हणजे शिजलं असं मात्र नाही. दाटपणा दोन मिनिटांत येतो, कच्चेपणा जायला वेळ लागतो. झाकण ठेवून मंद आचेवर सहा-सात मिनिटं वाफ येऊ द्या, मधे दोनदा तळापासून हलवा. घट्ट वाटलं तर पाणी गरमच घाला. पिठलं कढईच्या कडा सोडू लागलं, वर थोडी चकाकी आली आणि जिभेला पिठूळ लागेनासं झालं की उतरवा.

हा सगळा खटाटोप पिठल्यासाठी आहे. भजीच्या पिठाला चाळणं पुरे, ते कडकडीत तेलातच शिजतं. ढोकळ्याचं पीठ तर भाजूच नका, फुगायला तो चिकटपणा लागतो.