हुरड्याच्या संध्याकाळी लावायचं गाणं

प्रश्न: पुढच्या महिन्यात तिला आमच्या वावरात हुरड्याला बोलावलं आहे. तिची मावसबहीण आणि माझे दोन मित्र सोबत राहतील. तिथंच लग्नाचं विचारायचं आहे. रीलवर सारे लावतात ते गाणं नको. कोणतं लावू?

भाऊ, लग्नसराईत पेटी वाजवता वाजवता माझे केस पिकले. त्यामुळे एक सांगतो. चाल आवडली म्हणून गाणं निवडू नका. आधी कागदावर उतरवून वाचा आणि पाहा, कोण बोलतंय, कोणाला बोलतंय आणि त्यांचं जुळलेलं आहे की तुटलेलं.

माझ्या भाच्यानं मागच्या वर्षी ‘तेरे बिना ज़िंदगी से’ काढून ठेवलं होतं. गोड गाणं, पण ‘आंधी’त ते वेगळं झालेलं जोडपं कितीतरी वर्षांनी भेटतं तेव्हाचं आहे. लग्नाआधीच ताटातूट कशाला? मग तो आपल्या अमरावतीच्या सुरेश भटांकडे वळला. ‘तरुण आहे रात्र अजुनी’मध्ये बाई तक्रार करते आहे की हा झोपला कसा. ‘मालवून टाक दीप’ तर मावसबहिणीसमोर लावूच नका, घरी जाऊन ती काय सांगेल याचा विचार करा. दोन्ही गाणी बाईच्या तोंडची आहेत. विचारणार तुम्ही, तर शब्दही पुरुषाचे हवेत.

शेवटी आम्ही ‘दिवस तुझे हे फुलायचे’वर थांबलो. मंगेश पाडगावकरांचे शब्द, यशवंत देवांची चाल, अरुण दातेंचा आवाज. म्हणाल, हे तर साऱ्यांना माहीत आहे. माहीत आहे ते धृपद. पहिले अंतरे ऐका, त्यात ‘मी’ कुठंच नाही. कोणी दुरून एका पोरीचं वय न्याहाळतंय, एवढंच. शेवटच्या अंतऱ्यात मात्र तो पहिल्यांदा स्वतःविषयी बोलतो आणि तिला आपल्या घरापाशी जराशी थांबायला सांगतो. अख्ख्या गाण्यातलं मागणं तेवढ्याच जागी आहे, आणि लोक नेमके त्याआधी गाणं बंद करून बोलायला लागतात.

म्हणून गाणं शेवटपर्यंत वाजू द्या. तो अंतरा संपून धृपद परत आलं की आवाज हळूच कमी करा आणि मग बोला. घरी दोनदा घड्याळ लावून ऐका, म्हणजे ती जागा किती मिनिटांनी येते ते कळेल. गाणं फोनमध्ये उतरवून घ्या आणि फोन विमान मोडवर टाका. नाहीतर वावरात रेंज असली तर ऐन वेळी फोन येतो आणि नसली तर गाणं अडकतं.

उघड्यावर छोट्या स्पीकरचा खर्ज हवेत विरून जातो, कारण आवाज परतवायला भिंत नसते. ढोल-ताशाचं, बेसवालं गाणं तिथं नुसतं चिरकतं. एकट्या गळ्याचं भावगीत तग धरतं. स्पीकर कोठ्याच्या भिंतीला पाठ लावून ठेवा, वाऱ्याकडे तोंड करून नको. आणि कणसं चोळणं चालू असताना लावू नका. गरम दाण्यांची फुंकाफुंक चालली असताना कोणी शब्द ऐकत नाही. डिसेंबरात पावणेसहाच्या आसपास दिवस मावळतो. त्यानंतर आगटी विझत आली, तिळाची चटणी संपली, मित्र पाणी आणायला विहिरीकडे गेले, की ती वेळ.

ती शेतातलीच असेल आणि शेतीवर तिचा जीव असेल, तर दुसरं गाणं सुचवतो, ‘काळ्या मातीत मातीत’. आपल्या वऱ्हाडातल्या विठ्ठल वाघांचं, ‘अरे संसार संसार’ (1981) सिनेमातलं. नवरा तिफण हाकतो, पोटाला ओटी बांधून ती सोबत चालते. असं बरोबरीचं जोडपं प्रेमगीतांत मला फार सापडलं नाही. पण शेतकरी नवरा नको म्हणणाऱ्या पोरी आज गावोगाव आहेत, आणि त्यांचं चुकतं असंही मी म्हणणार नाही. तिचं मत माहीत नसेल तर हे गाणं साक्षगंधासाठी राखून ठेवा. तिथं दोन्हीकडची माणसं ताल धरतील. दोघांतल्या गोष्टीला त्याची लय तशीही जरा धावती आहे.

भाच्याचं काय झालं ते सांगतो. त्यानं आवाज कमी केला आणि पाठ केलेली चारही वाक्यं विसरला. नुसतं म्हणाला, “थांबशील का?” पोरगी कोठ्याकडे पाहत म्हणाली, “कोणत्या घरापाशी? ह्या का गावातल्या? गावातल्याला अजून न्हाणीघर नाही म्हणते तुमची बहीण.” मार्चात न्हाणीघर झालं, मे महिन्यात लग्न.