पोटॅशियम 5.8 आलंय, म्हणून हे पत्र

काका, सप्रेम नमस्कार.

मूत्रपिंडांची गाळणी मंदावली की पोटॅशियम रक्तात साचतं, कारण त्यातलं बहुतेक लघवीवाटेच बाहेर जातं. 5 च्या आसपास ठीक, पण तुमचं 5.8 आहे. वाढलेल्या पोटॅशियममुळे हृदयाचे ठोके बिघडू शकतात आणि अनेकदा आधी काहीच जाणवत नाही. म्हणून ‘मला तर बरं वाटतंय’ यावर विसंबू नका. डॉक्टर सांगतील तेव्हा रक्त तपासा.

उन्हाळ्यात तुम्ही रोज शहाळं पिता. ते आधी थांबवा. आपल्या सोलापूरचं डाळिंबही: एका मोठ्या डाळिंबाच्या दाण्यांत सुमारे 600 मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. त्याऐवजी सफरचंदाच्या दोन-चार फोडी चालतील. शेंगाचटणी भाकरीवर चिमूटभरच (हे तुम्हाला जड जाणार, माहीत आहे).

बटाटा पूर्ण बंद नको. सोलून पातळ काप करा, भरपूर पाण्यात उकळा, पाणी ओता, नव्या पाण्यात पुन्हा उकळा. पोटॅशियम पाण्यात उतरतं, म्हणून ते पाणी रश्श्यात घालू नका. पालेभाजीचंही तसंच. नुसतं भिजवल्यानं फारसं निघत नाही.

एक गोष्ट घरात नक्की बघा. बीपीसाठी आणलेल्या ‘लो सोडियम’ मिठात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असतं. तो डबा बाजूला ठेवा, साधं मीठच कमी वापरा.

छातीत धडधड किंवा हातापायांत अचानक अशक्तपणा आला, तर आहाराचा विचार न करता थेट दवाखाना गाठा.

तुमची आहारतज्ज्ञ