सावित्रीला रडवू नकोस

सांगली

चि.,
अनेक आशीर्वाद.

एकांकिका वाचली. पहिला प्रवेश चांगला जमलाय. दुसऱ्यात मात्र तुझी सावित्री वडाला मिठी मारून रडते आणि यमाला दया येते. आपल्या सांगलीच्या प्रेक्षकाला रडवणं अवघड नाही, पण महाभारतात ती अशी रडून जिंकलेली नाही. वनपर्वातली मूळ कथा काढून वाच. तिथे वडसुद्धा नाही. तो व्रतकथेतून आला. लाकडं तोडताना सत्यवानाचं डोकं दुखतं, तो तिच्या मांडीवर डोकं ठेवून निजतो, एवढंच.

यम अंगठ्याएवढा प्राणपुरुष ओढून दक्षिणेकडे निघतो. सावित्री मागोमाग. तो परत जा म्हणतो, तर ती म्हणते, सात पावलं बरोबर चाललं की मैत्री होते, म्हणून मित्राच्या नात्याने बोलते. आणि बोलते ती धर्माबद्दल, सज्जनांच्या संगतीबद्दल. स्वतःचं दुःख ती पुढे करतच नाही. यम खूश होऊन वर देतो, पण दरवेळी अट घालतो: सत्यवानाचा जीव सोडून माग.

ती अट मोडत नाही. सासऱ्यांची दृष्टी मागते, मग त्यांचं गेलेलं राज्य, मग वडिलांना शंभर पुत्र. चौथ्यांदाही अट तीच असते, तेव्हा मागते सत्यवानापासून स्वतःला शंभर पुत्र. यम तेही देऊन बसतो. पुढच्या बोलण्यावर तो म्हणतो, तू जसजशी बोलतेस तसतशी माझी तुझ्यावरची भक्ती वाढते, आता अतुलनीय वर माग. या खेपेला अट घालायची राहते. सावित्री तेच दाखवून देते आणि सत्यवानाचा जीव मागते. शंभर पुत्रांचा वर खरा व्हायचा तर तो जगलाच पाहिजे.

नट यमाला बावळट करतील, तसं होऊ देऊ नकोस. तो फसलेला नाही, तिच्या बोलण्यात रमल्यामुळे अट घालायची विसरलाय. सावित्रीलाही कोर्टातल्या वकिलासारखी करू नकोस. नारदाने वर्षभर आधीच मरणाचा दिवस सांगितला होता. शेवटचे तीन दिवस-रात्र ती उपाशी, उभी होती. त्या थकल्या अंगाने ती समोरच्याचा प्रत्येक शब्द कान देऊन ऐकते, हीच तिची निष्ठा. आदिपर्वातला रुरू साप चावून मेलेल्या आपल्या वाग्दत्त वधूसाठी, प्रमद्वरेसाठी, आपलं अर्धं आयुष्य देऊन टाकतो. तेही मोठंच, पण तिथे एका वाक्यात सौदा संपतो. रंगमंचाला सावित्रीच हवी.

तेव्हा दुसरा प्रवेश पुन्हा लिही. अट चार वेळा त्याच शब्दांत येऊ दे, म्हणजे पाचव्यांदा ती आली नाही हे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळेल. आणि ते कळायला त्याला क्षणभर वेळ दे; सावित्रीला लगेच बोलायला लावू नकोस.

तुझा,
काका