सोशल अ‍ॅप कॅमेरा, माइक, कॉन्टॅक्ट्स, फोटो सगळ्याची परवानगी मागतं. नाही म्हटलं तर नेमकं काय बंद पडतं?

कॅमेरा नाकारला तर अ‍ॅपच्या आतून फोटो काढता येत नाही आणि व्हिडिओ कॉलवर तुम्ही दिसत नाही. फोनच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो मात्र टाकता येतो. माइक नाकारला तर कॉलवर तुमचा आवाज समोरच्याला जात नाही. फोटोंचं म्हणाल तर अँड्रॉइड १४ आणि आयफोनवर मोजकेच फोटो निवडून देता येतात. सगळी गॅलरी उघडी करायची गरज नाही.

खरा घोळ कॉन्टॅक्ट्सचा. नाकारले तर 'मित्र शोधा' चालत नाही, बाकी फारसं काही अडत नाही. म्हणूनच मी निर्धास्त होतो.

टोपणनावाने लिहायला मी एका अ‍ॅपवर खातं काढलं. नंबर दिला तो फक्त ओटीपीसाठी, कॉन्टॅक्ट्सना ठाम नकार. तिसऱ्या दिवशी दादाचा फोन: "हा तूच ना रे?" त्याला माझं खातं 'ओळखीचे असू शकतात' मध्ये दिसलं होतं. माझ्या फोनमधून काहीच गेलं नव्हतं. गेलं ते त्याच्या फोनमधून. त्याने कधीतरी सगळं 'अलाउ' केलं होतं आणि त्याच्या यादीत माझा नंबर होता. अ‍ॅपने दोन्ही नंबर जुळवले, संपलं.

दादाने तिथल्या तिथे फोनच्या सेटिंग्जमध्ये परवानगी काढली आणि "झालं की" म्हणाला. झालं नव्हतं. परवानगी काढली की पुढचं वाचन थांबतं. आधी सर्व्हरवर गेलेली यादी तिथेच राहते. ती अ‍ॅपच्या स्वतःच्या सेटिंगमधून पुसावी लागते, आणि त्याआधी सिंक बंद करावं लागतं, नाहीतर यादी परत चढते. त्या अ‍ॅपमध्ये चढवलेली यादी बघता येत होती. त्यात मी 'धाकटा नवीन नंबर' म्हणून होतो, शिवाय दादाचे डॉक्टर, घरमालक, प्लंबर. यांच्यापैकी कोणाला विचारलं होतं?

माझ्या बाजूने उपाय एकच होता: 'फोन नंबरवरून मला शोधू द्या' हे बंद करणं. ते आधीपासून चालू होतं आणि मी पाहिलंच नव्हतं, ही चूक माझीच.

हां, नंबरवर चालणाऱ्या मेसेजिंग अ‍ॅपला कॉन्टॅक्ट्स नाकारले तर नावांऐवजी नुसते नंबर दिसू शकतात, ते वैतागवाणं आहे. आयफोनवर आयओएस १८ पासून ठरावीक माणसंच देता येतात, तसं करा. आणि अँड्रॉइडवर दोनदा नकार दिला की अ‍ॅपला पुन्हा विचारता येत नाही. मग बटण दाबून काहीच झालं नाही तर अ‍ॅप बिघडलंय असं समजू नका, फोनच्या सेटिंग्जमध्ये अ‍ॅपच्या परवानग्या बघा.

दादा अजून म्हणतो, "लपवण्यासारखं आहेच काय माझ्याकडे?" अरे, तुझ्याकडे नसेल. माझा नंबर तुझ्याकडे आहे.